नंबर तोच, पाय मात्र तोच नाही: गरोदरपणात आणि चाळिशीनंतर पायाचं माप पुन्हा कधी आणि कसं घ्यायचं

आमचं चपला-बुटांचं दुकान आहे, मी गेली पंधरा वर्षं त्यात उभी असते. रोज किमान तीन-चार वेळा होणारा संवाद सांगते. "ताई नंबर किती?" "पाच." "माप घेऊ का?" "नको हो, लग्नापासून पाचच घालते." मग पाच काढून देते, तो चवड्यावर अडकतो आणि ताई म्हणतात ह्या कंपनीचे नंबर लहान येतात. कधीकधी खरंच येतात. पण बहुतेक वेळा लग्नातला पाय आणि आत्ताचा पाय वेगळा झालेला असतो, आणि मधल्या काळात सगळ्या चपला मागून उघड्या घातल्यामुळे ते लक्षात आलेलं नसतं. घरात जुनी चप्पल असेल तर आत्ता घालून उभ्या राहा आणि कुणाला तरी मागून बघायला सांगा, टाच चपलेच्या मागच्या कडेवर आली असेल किंवा थोडी बाहेर लोंबत असेल तर हा लेख तुमच्यासाठीच आहे.

एक गोष्ट आधी समजून घ्या, नाहीतर पुढच्या पायऱ्या उलट्या-सुलट्या होतात. मोठ्या माणसाच्या पावलातलं हाड वाढत नाही. पावलाची कमान असते ना, ती हाडांना बांधून ठेवणाऱ्या पट्ट्यांवर (लिगामेंट्स) उभी असते, त्या पट्ट्या सैल झाल्या की कमान खाली बसते आणि पाऊल पुढे आणि बाजूला पसरतं. धनुष्याची दोरी सैल सोडली की धनुष्य लांब होतं, तसंच. गरोदरपणात हे काम हार्मोन्स आणि वाढलेलं वजन मिळून काही महिन्यांत करतात, वयाबरोबर तेच काम हळूहळू होतं. आणि याच्यावर सूज हा वेगळा प्रकार असतो. सूज उतरते, बसलेली कमान सहसा परत वर येत नाही. सगळी गडबड होते ती ह्या दोन गोष्टी एकत्र मोजल्यामुळे.

अमेरिकेत आयोवा विद्यापीठातल्या लोकांनी ४९ गरोदर बायकांचे पाय सुरुवातीच्या तीन महिन्यांत आणि परत बाळंतपणानंतर साधारण पाच महिन्यांनी मोजले होते, २०१३ साली ते छापून आलं. साठ ते सत्तर टक्के बायकांचे पाय लांब किंवा रुंद झालेले निघाले, आणि बराचसा बदल पहिल्याच बाळंतपणात होत असावा असं त्यांना दिसलं. म्हणजे "दुसऱ्या वेळी बघू" म्हणणाऱ्यांनी पहिल्या वेळीच मोजा.

## पायरी १: तयारी, मोजायला बसण्याआधी

सामान घरातलंच लागतं. स्टीलची फूटपट्टी (प्लास्टिकच्या पट्टीला शून्याच्या आधी थोडी मोकळी जागा असते, तिथे फसगत होते), शिंप्याची टेप, दोन जाड पुठ्ठ्याची पुस्तकं, एक मोठा कोरा कागद, टोकदार पेन्सिल. आणि एक माणूस. हे माणूस प्रकरण लोक सोडून देतात. सातव्या-आठव्या महिन्यात तर स्वतःचं पाऊल दिसतच नाही, पण एरवीसुद्धा तुम्ही वाकून खूण करायला गेलात की वजन पुढे जातं, बोटं जमिनीला धरून आखडतात आणि माप चुकतं. तुम्ही सरळ समोर बघत उभं राहायचं, खूण दुसऱ्याने करायची.

वेळ संध्याकाळची, साधारण सहा ते आठ, दिवसभर चालणं-उभं राहणं झाल्यावर. बुटात जे मोजे घालणार तेच मोजे घालून मोजा, उघडी चप्पल घेणार असाल तर अनवाणी.

जोडवी काढून ठेवा. जोडवी निघत नसतील तर तीच पहिली खूण समजा की बोटं सुजलीत किंवा जाड झालीत. गरोदर असाल तर साबणाच्या पाण्याने आत्ताच काढून घ्या, नवव्या महिन्यात दुकानात येऊन "कापून द्या ना" म्हणणाऱ्या मी बघितल्यात, आणि ते आमच्याकडे नाही, सोनाराकडे जावं लागतं.

## पायरी २: लांबी, पुस्तकं लावून

कागदावर पाय ठेवून भोवती पेन्सिल फिरवायची ही आपली सगळ्यांची पद्धत, आणि तिच्यातच सगळ्यात मोठी चूक आहे. साध्या पेन्सिलीची जाडी सात मिलिमीटरच्या आसपास असते. ती अगदी उभी धरली तरी रेघ पायापासून साडेतीन मिलिमीटर बाहेर पडते, पुढून साडेतीन आणि मागून साडेतीन, म्हणजे लांबीत सातएक मिलिमीटर फुकटचे आले. आणि पेन्सिल आत कलली तर उलटं, पाय लहान निघतो. आपल्याकडच्या नंबरात एका नंबराचा फरक साडेआठ मिलिमीटरचाच असतो, म्हणजे नुसत्या पेन्सिलीने जवळजवळ एक नंबर इकडचा तिकडे. म्हणून लांबीसाठी पेन्सिल फिरवायचीच नाही.

त्याऐवजी असं करा. एक पुस्तक भिंतीला टेकवून उभं ठेवा, कागदाची कड त्या पुस्तकाला अगदी लावून घ्या. टाच पुस्तकाला टेकवून कागदावर उभ्या राहा. थेट भिंतीला टाच लावली तर पार्श्वभाग भिंतीला लागतो आणि माणूस पुढे झुकतो, म्हणून मध्ये पुस्तक. वजन दोन्ही पायांवर सारखं. आता दुसऱ्या माणसाने दुसरं पुस्तक समोरून उभं सरकवत आणायचं आणि सगळ्यात लांब बोटाला नुसतं लागलं की थांबायचं, दाबायचं नाही. पुस्तकाच्या आतल्या कडेवर कागदावर खूण. खुणेपासून कागदाच्या कडेपर्यंतचं अंतर ही तुमची लांबी.

सगळ्यात लांब बोट म्हणजे अंगठाच असं नाही. पुष्कळ लोकांचं अंगठ्याशेजारचं बोट लांब असतं, आणि माप अंगठ्यापर्यंतच घेतलं तर त्या बिचाऱ्या बोटाचं नख काळं पडतं.

थांबा आणि तपासा: तेच माप तीनदा घ्या. तीन आकड्यांत दोन मिलिमीटरपेक्षा जास्त फरक येत असेल तर टाच सरकतेय किंवा बोटं आखडताहेत. दोन्ही पाय मोजा. दोघांत फरक असतोच, नंबर नेहमी मोठ्या पायाचा घ्यायचा.

## पायरी ३: रुंदी, जी कुणीच मोजत नाही

चवड्याची रुंदी म्हणजे अंगठ्याच्या मुळाशी जो उंचवटा असतो तिथपासून करंगळीच्या मुळाच्या उंचवट्यापर्यंत. हे दोन उंचवटे एका ओळीत नसतात, करंगळीकडचा थोडा मागे असतो, त्यामुळे माप तिरकं येतं, ते तसंच यायला पाहिजे. उभं राहून पायाच्या दोन्ही बाजूंनी दोन पुस्तकं उभी लावा, उंचवटे पुस्तकांना जिथे टेकतात त्या दोन जागांमधलं अंतर घ्या. मग त्याच ओळीवरून टेप पावलाभोवती एक फेरा गुंडाळा, आवळायची नाही, हा घेर. घेर का, तर सूज वरच्या बाजूलाही येते आणि नुसत्या रुंदीत ती दिसत नाही.

आता इथे जरा वेळ थांबते, कारण दुकानात सगळ्यात जास्त पैसे इथे वाया जातात. पाय रुंद झालाय, पाच नंबर बाजूने चावतो, म्हणून लोक सहा घेतात, मग सातही घेतात. सहा नंबर थोडा रुंद असतो हे खरं, पण तो लांबही असतो. बुटाचा तळ एका ठरावीक जागी वाकतो, साधारण चवड्याच्या सर्वात रुंद भागाखाली. पाय बुटापेक्षा आखूड असला की तुमचा चवडा त्या वाकण्याच्या जागेच्या मागे पडतो. म्हणजे बूट वाकतो बोटांच्या मध्यावर आणि तुमचं पाऊल वाकतं त्याच्या मागे. दर पावलाला दोघांची ओढाताण, टाच मागून निसटते, ती धरून ठेवायला बोटं आखडतात, आणि मग महिन्याभरात बोटांवर कुरूप आणि पोटरीत कळ. ताई परत येतात आणि म्हणतात मोठा घेतला तरी चावतोच.

लांबी बरोबर आणि रुंदी कमी पडत असेल तर उपाय नंबर वाढवणं हा नाही, रुंद साचा मागणं हा आहे. "वाइड फिटिंग आहे का" असं सरळ विचारा. काही बुटांच्या आत किंवा डब्यावर रुंदीचं इंग्रजी अक्षर असतं, एकाच कंपनीच्या एकाच नंबरात ते वेगळं आहे का एवढं बघा (दोन कंपन्यांची अक्षरं एकमेकांशी ताडून बघू नका, जुळत नाहीत). वाइड नसेल तर पुढून गोल किंवा चौकोनी तोंडाचा, लेस किंवा वेलक्रोचा बूट घ्या, टोकदार तोंडाच्या बेलीत रुंदी मिळायची नाही.

कोल्हापुरीबद्दल एक. खऱ्या चामड्याची कोल्हापुरी वापरून बाजूला सैल होते, म्हणून ती नवी असताना जराशी घट्ट चालते. पण लांबीत ती वाढत नाही, टाच बाहेर असेल तर ती कायम बाहेरच राहणार. "घालून घालून होईल" हे लांबीला लागू नाही.

## पायरी ४: सूज किती आणि खरा बदल किती, हे वेगळं काढा

गरोदर बायकांसाठी ही पायरी सगळ्यात महत्त्वाची, पण ज्यांचे पाय संध्याकाळी जड होतात अशा कुणालाही उपयोगी.

एका दिवशी दोनदा मोजा. एकदा सकाळी उठल्या उठल्या, दात घासायला जाण्याआधी, आणि एकदा संध्याकाळी. दोन्ही वेळा उभं राहूनच. सकाळचा आकडा म्हणजे साधारण तुमचं खरं पाऊल, संध्याकाळी त्याच्यावर जे चढलं ती दिवसभराची सूज. सकाळचा आकडाच मागच्या महिन्यापेक्षा वाढलेला असेल तर कमान बसतेय. सकाळचा तोच आणि फक्त संध्याकाळचा वाढतोय तर ती सूज आहे. अजून एक खूण, घोट्याच्या वर नडगीच्या हाडावर अंगठा पाच सेकंद दाबून धरा आणि सोडा, खळगा तसाच राहिला तर पाणी साठलंय.

हे बुटाचं काम नाही, डॉक्टरचं आहे: गरोदरपणात चेहरा आणि हात अचानक सुजले, सोबत डोकं खूप दुखतंय, डोळ्यांपुढे काजवे चमकतात किंवा बरगड्यांखाली दुखतंय, तर मोठी चप्पल शोधत बसू नका, त्याच दिवशी दवाखान्यात जा, बीपी बघायला लागतं. तसंच एकच पाय सुजला आणि पोटरी दुखते, गरम लागते, तरीही लगेच. बाळंतपणानंतरच्या आठवड्यांतसुद्धा हे दोन्ही होऊ शकतं.

## पायरी ५: गरोदरपणात कधी मोजायचं, कधी विकत घ्यायचं

मोजणं आणि विकत घेणं ह्या दोन वेगळ्या तारखा आहेत. मी माझ्या वहिनीचं उदाहरण देते, कारण तिचे आकडे मी स्वतः लिहून ठेवलेत. तिचा नंबर ४, पहिलं बाळंतपण, उजवं पाऊल, सगळी मापं संध्याकाळची आणि उभं राहून. पहिला आकडा लांबी, दुसरा रुंदी, सेंटिमीटरमध्ये.

१० वा आठवडा: २३.४ आणि ९.१
२४ वा आठवडा: २३.७ आणि ९.३
३४ वा आठवडा: २४.१ आणि ९.९ (त्याच दिवशी सकाळी २३.९ आणि ९.४)
बाळंतपणानंतर १० दिवस: २४.२ आणि १०.१
सहा आठवडे: २३.९ आणि ९.६
पाच महिने: २३.९ आणि ९.४

आता हे नीट बघा. चौतिसाव्या आठवड्यात तिने मला न विचारता ऑनलाइन सहा नंबरचे बंद बूट मागवले, ऑफिसला घालायला, चांगले महाग. तेव्हा बसले छान. पाच महिन्यांनी ते पायात फटक फटक वाजायला लागले. सकाळचं माप घेतलं असतं तर तेव्हाच कळलं असतं, की रुंदीतला जवळजवळ अर्धा सेंटिमीटर ही नुसती सूज आहे. दुसरीकडे तिचा जुना चार नंबरही परत कधी आला नाही, कारण लांबीतले पाच मिलिमीटर कायमचे राहिले. अर्धा नंबर म्हणजे सव्वाचार मिलिमीटर, म्हणजे तिला साडेचार किंवा थोडा वर पाहिजे. आपल्याकडे बायकांच्या बुटात अर्धे नंबर फार कमी मिळतात, म्हणून ती आता पाच घेते आणि गरज पडली तर आत पातळ इनसोल टाकते.

दहा दिवसांचा आकडा सगळ्यात मोठा आहे हेही बघा. बाळंतपणात सलाईन चढवलेलं असतं, अंगात पाणी साठलेलं असतं, त्यामुळे घरी आल्यावर पहिल्या आठवड्यात पाय आधीपेक्षा जास्त सुजलेले दिसतात, बऱ्याच जणी घाबरतात. वर सांगितलेल्या खुणा नसतील तर ते सहसा उतरतं. पण बारशासाठी नवीन सँडल ह्या मापावर घेऊ नका. घेतलेच तर पट्ट्याचे, मागेपुढे करता येतील असे.

तर क्रम असा. पहिल्या तीन महिन्यांत एक माप घेऊन वहीत लिहून ठेवा, हे तुमचं मूळ माप, हे नसेल तर पुढचं सगळं अंदाजपंचे. मग पाचव्या-सहाव्या महिन्यात एकदा, आणि आठव्यात सकाळ-संध्याकाळ असं एकदा. ह्या काळात विकत काय घ्यायचं, तर एकच जोड, वेलक्रोचा, टाचेला मागून पट्टा असलेला, दोन-तीन सेंटिमीटर उंचीच्या रुंद टाचेचा, तळाला घट्ट पकड असलेला, आणि तो त्या दिवशीच्या संध्याकाळच्या मापावर. स्वस्त घ्या, हा जोड तात्पुरता आहे. मागून उघडी गुळगुळीत स्लीपर मात्र नको, पट्ट्या सैल झालेल्या असतात, तोल पुढे गेलेला असतो, आणि बाथरूमबाहेरची ओली फरशी कुणाची वाट बघत नाही.

बाळंतपणानंतर सहा आठवड्यांनी एकदा मोजा, नुसतं बघायला. महागाचे बूट, ऑफिसची बेली, चालायचे स्पोर्ट शूज हे सगळं पाच महिन्यांनंतरच्या मापावर. आणि तेव्हा आलेला आकडा पुढच्या महिन्यातही तोच आला की तो तुमचा नवा नंबर, जुने जोड कुणाला तरी देऊन टाका. लग्नातले सँडल कपाटात ठेवून "परत होईल" म्हणत वर्षातून एकदा चवडा कोंबायचा, हे करू नका, पायाला नुसता त्रास.

चूक जी सगळ्या करतात: दुसऱ्या बाळंतपणात पहिल्याच्या आधीचा नंबर मूळ धरणं. मूळ माप परत नव्याने घ्या.

## पायरी ६: चाळिशीनंतर, आणि आई-बाबांचं माप

वयाबरोबरचा बदल इतका हळू होतो की तारीख ठरवल्याशिवाय कुणी मोजत नाही. चाळिशीनंतर वर्षातून एकदा, दिवाळीच्या खरेदीआधी म्हणा, लक्षात राहतं. वजन वाढलं किंवा उतरलं असेल, पायाचं किंवा गुडघ्याचं ऑपरेशन झालं असेल तर मध्येच एकदा. मधुमेह असेल तर दर सहा महिन्यांनी.

ह्या वयात नुसती लांबी-रुंदी नाही बदलत, तळव्याखालची चरबीची गादी पातळ होते, बोटं वर वाकतात, अंगठ्याचं हाड बाहेर येतं. त्यामुळे बुटाची उंचीही बघायला लागते, बोटांवर छत टेकतं का ते. सत्तरीच्या काकूंना मी नेहमी मऊ कापडाचा, ताणला जाणारा वरचा भाग असलेला बूट दाखवते, कडक रेक्झिनचा नाही.

माझ्या आईचा किस्सा. वय ६३, मधुमेह बारा वर्षं, नंबर कायम पाच. चपलांच्या दुकानवालीची आई, पण मापाला पाय पुढे करणार नाही. शेवटी एकदा पुस्तकं लावून मोजलं तर डावा पाय २३.९ आणि उजवा २४.६. सात मिलिमीटरचा फरक, जवळजवळ एक नंबर! दोन पायांत थोडा फरक सगळ्यांना असतो, पण इतका, आणि तोही आधी नव्हता. मागून बघितलं तर उजव्या पायाचा घोटा आत झुकलेला आणि टाचेच्या बाहेरच्या बाजूला डाव्यापेक्षा जास्त बोटं दिसत होती. त्या पायावर एकट्याने टाच उचल म्हटलं तर उचलता येईना. हाडांच्या डॉक्टरांनी सांगितलं की घोट्याच्या आतल्या बाजूने जाणारी, कमान उचलून धरणारी शीर (टेंडन) कमजोर झालीय, पन्नाशीच्या पुढच्या बायकांत हे दिसतं. आत आधार देणारं इनसोल दिलं, व्यायाम दिला. मी नुसता सहा नंबर देऊन मोकळी झाले असते तर कमान अजून बसत गेली असती.

तपासा: वयात दोन्ही पाय थोडे थोडे पसरले तर ठीक. एकच पाय वाढला, एकाच बाजूचा जुना बूट आतल्या कडेने झिजलाय, तर आधी डॉक्टर, मग दुकान.

मधुमेहवाल्यांसाठी अजून एक, आणि हे मी दुकानात अगदी हट्टाने सांगते. नसांची जाणीव कमी झाली की बरोबर मापाचा बूट सैल वाटतो, कारण पायाला तो लागल्याचं कळतच नाही. म्हणून अशी माणसं आपणहून घट्ट नंबर मागतात, "हा कसा मस्त बसला" म्हणतात. अशा वेळी माणसाचं नाही, पट्टीचं ऐकायचं. डोळे मिटायला सांगून पायाच्या बोटांच्या टोकांना हलकेच बोट लावा, अंगठा, मधलं, करंगळी, आणि लावल्यावर सांगा म्हणा. दोन किंवा जास्त ठिकाणी कळलं नाही तर त्यांच्या "बरं वाटतंय"वर बूट घ्यायचा नाही आणि डॉक्टरांना पाय दाखवायचा. आणि मधुमेह असलेल्याचा एक पाय अचानक लाल, गरम, सुजलेला झाला आणि दुखत मात्र फारसा नाही, तर त्याच्यावर चालू नका, त्याच दिवशी डॉक्टर. न दुखणं ही तिथे चांगली खूण नसते.

## पायरी ७: मापावरून नंबर, आणि नंबरावरून बूट

आता हातात सेंटिमीटर आहेत. ते घेऊन कंपनीच्या तक्त्यात बघा, आणि तक्त्यात "पायाची लांबी" लिहिलीय की "बुटाची आतली लांबी" हे आधी वाचा. पायाची असेल तर तुमचा आकडा जसाच्या तसा. बुटाची असेल तर तुमच्या आकड्यात एक ते सव्वा सेंटिमीटर मिळवा, कारण चालताना पाय पुढे सरकतो आणि बोटांपुढे तेवढी जागा लागते.

आपले नंबर ब्रिटिश पद्धतीचे. युरोपचा नंबर, म्हणजे ३७, ३८ वगैरे, तो एकाला पावणेसात मिलिमीटरच्या आसपास वाढतो. अमेरिकेतले बायकांचे नंबर आपल्यापेक्षा साधारण दोनाने मोठे. परदेशातली मुलगी आईला प्रेमाने बूट पाठवते, नंबर आईने फोनवर सांगितलेला "पाच", तो तिकडचा पाच म्हणून घेतला की इकडे आल्यावर पोराच्या बुटासारखा दिसतो. मुलीला नंबर सांगूच नका, सेंटिमीटर सांगा, दोन्ही पायांचे, लांबी आणि रुंदी, आणि सोबत ह्या महिन्याची तारीख.

दुकानात किंवा पार्सल आल्यावर बुटातलं इनसोल बाहेर काढा (बहुतेक स्पोर्ट शूजचं निघतं), जमिनीवर ठेवा आणि त्याच्यावर उभ्या राहा. टाच मागच्या कडेला लावून बघा, सगळ्यात लांब बोटापुढे एक ते सव्वा सेंटिमीटर दिसायला पाहिजे, आणि चवडा इनसोलच्या बाहेर कुठेही सांडता कामा नये. करंगळी बाहेर सांडत असेल तर बूट कितीही आवडला तरी तो अरुंद आहे. मग बूट घालून, लेस बांधून, चवड्यावर उभ्या राहा आणि बघा बूट वाकतोय ती जागा आणि तुमचं पाऊल वाकतं ती जागा एक आहे का. टाच चालताना किंचित हलली तर चालतं, निसटायला नको.

ऑनलाइनवाल्यांनी घरात गादीवर किंवा सतरंजीवर घालून बघा, फरशीवर चालून तळ मळवला की परत घेत नाहीत. पहिल्या दिवशी अर्धा-एक तास घाला, काढा आणि पाय उजेडात बघा. लाल वळ उठलेत का, अंगठ्याच्या हाडावर, करंगळीवर, टाचेला मागे. अर्ध्या तासात गेले तर ठीक, नाही गेले तर तो बूट परत करा. आई-बाबांचे पाय तुम्ही स्वतः बघा, त्यांना खाली वाकून दिसत नाही आणि दिसलं तरी सांगत नाहीत.

वहीचं पान मात्र फाडू नका. तारीख, डावा, उजवा, लांबी, रुंदी, घेर, सकाळ का संध्याकाळ, आणि त्या दिवशी कुठल्या साच्याचा कुठला नंबर बसला. आमच्याकडे एक गिऱ्हाईक आहेत, पाच वर्षांची मापं मोबाईलमध्ये घेऊन येतात, त्यांना बूट द्यायला मला दहा मिनिटं लागतात. त्यांच्या नवऱ्याला मात्र अजून चाळीस. "आठ द्या, आठच लागतो" म्हणतात आणि नऊ घालून जातात.